रात्री अडीचची जत्रा

आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा जर्मनीला लेकीकडे निघाल्या तेव्हा त्यांना एका गोष्टीचं फार समाधान होतं. विमान रात्री २.५५ चं होतं. "बरंच झालं. एवढ्या रात्री कोण फिरकतंय तिकडे! निवांत आत जाऊ," असं त्या चारचौघींना सांगत होत्या. डोंबिवलीहून गाडी साडेदहाला निघाली, रस्ता मोकळा मिळाला. सहारच्या उन्नत मार्गावर चढल्यावर मात्र गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. टर्मिनल २ च्या निर्गमनाच्या मजल्यावर गाड्यांच्या तीन-तीन ओळी उभ्या होत्या. कुणी ट्रॉलीवर पाचवी बॅग चढवत होतं, कुणी वजन जास्त झालं म्हणून फुटपाथवरच बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढत होतं, एका मुलाला निरोप द्यायला सोळा माणसं आली होती. काकूंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर जत्राच की!"

विमानाची वेळ निवडताना आपण भाडं बघतो, पोहोचण्याची वेळ बघतो, फार तर झोप किती मोडेल ते बघतो. त्या वेळी विमानतळावर आपल्यासोबत आणखी किती लोक असतील, हे सहसा कुणी बघत नाही. बघितलंच तर काकूंसारखं घरच्या घड्याळावरून ठरवतो, की दुपारी गर्दी आणि रात्री शुकशुकाट. विमानतळाचं घड्याळ वेगळ्या हिशेबावर चालतं. तो हिशेब मुंबईपुरता जरी समजून घेतला, तरी तिकीट काढताना बराच उपयोग होतो.

आधी काकूंच्या विमानाबद्दल. युरोपला जाणारी इतकी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतरच का सुटतात? पुष्कळांना वाटतं की भारतीयांना गैरसोयीच्या वेळा मुद्दाम दिल्या जातात. खरं कारण पलीकडच्या टोकाला आहे. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित विमानांना चढउतार करायला बंदी आहे. आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून २०११ पासून ती लागू आहे. लंडनच्या हीथ्रोवरही रात्रीच्या विमानांवर कडक मर्यादा आहेत. मुंबईला अशी रात्रबंदी नाही, इथली धावपट्टी चोवीस तास चालते. मग गैरसोय ज्याच्या दाराशी अडवली जात नाही, त्याच्या वाट्याला येते.

आता आकडेमोड करून बघा. मुंबई ते फ्रँकफुर्ट साधारण नऊ तासांचा प्रवास, आणि हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. विमान रात्री ८ ला सोडलं तर ते आपल्या पहाटे ५ ला, म्हणजे तिथल्या रात्री साडेबाराला पोहोचेल. तेव्हा उतरायला बंदी. दुपारी २ ला सोडलं तर तिथल्या संध्याकाळी साडेसहाला पोहोचेल. उतरायला हरकत नाही, पण पुढे ऑस्लो, माद्रिद किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्यांची बहुतेक विमानं निघून गेलेली असतील. रात्री ३ ला सोडलं तर ते तिथल्या सकाळी साडेसातला उतरतं. त्या वेळी पुढच्या विमानांची अख्खी तुकडी सुटायला तयार असते. विमानातले निम्मेअधिक लोक फ्रँकफुर्टला राहायला निघालेले नसतात, पुढे कुठेतरी जायचे असतात. कंपनीचं गणित त्यांच्यावर बसलेलं असतं. परतीच्या बाजूनेही ते जुळतं. तिकडून दुपारी एकच्या सुमाराला निघालेलं विमान आपल्याकडे रात्री एक-दीडला येतं, तासा-दीड तासात साफसफाई आणि इंधन उरकून तेच परत फिरतं.

आखाती देशांतल्या मोठ्या विमानतळांवरही हीच पद्धत आहे. पहाटे ४ च्या सुमाराला मुंबईहून निघालं की दुबईला तिथल्या सकाळी साडेपाच-सहाला पोहोचता येतं, आणि आठ-नऊला युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमानं पकडता येतात. पलीकडची गरज सगळ्यांची एकच असल्यामुळे मुंबईच्या रात्रीच्या त्याच चार-पाच तासांत सगळे दाटीवाटी करतात. त्यातही ही विमानं मोठी. देशांतर्गत मार्गावरच्या नेहमीच्या एअरबस ए३२० मध्ये १८० च्या आसपास आसनं असतात. बोइंग ७७७ मध्ये तीनशेच्या वर. म्हणजे फलकावर दहा उड्डाणं दिसली तरी माणसं वीस उड्डाणांची असतात. शिवाय ती माणसं दोन बॅगा घेऊन आलेली असतात, आणि त्यांना देशांतर्गत प्रवाशापेक्षा एक रांग जास्त लावायची असते, ती म्हणजे इमिग्रेशनची.

काकूंनी केली ती चूक विमान निवडण्याची नव्हती. लेकीकडे थेट विमान मिळतंय, तर साठी ओलांडलेल्या माणसाने गर्दी टाळण्यासाठी मध्ये कुठे पाच तास ताटकळत बसावं, असं मला वाटत नाही. चूक होती ती पोहोचण्याच्या वेळेत. "उगीच लवकर जाऊन काय करायचं" म्हणून त्या सव्वाबाराला दारात होत्या. म्हणजे रात्री दीड ते साडेतीन या वेळेत उडणारी सगळी माणसं ज्या तासात आत शिरतात, नेमक्या त्याच तासात. पाऊण-एक तास आधी आल्या असत्या तर सामानाचा काउंटर उघडताच पुढच्या वीस जणांत लागल्या असत्या, आणि इमिग्रेशनला पोहोचल्या असत्या तेव्हा मागची लाट अजून काउंटरवरच असती. इमिग्रेशनपुरता एक मार्ग आता निघाला आहे. गृह मंत्रालयाने जून २०२४ मध्ये दिल्लीत 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतही आणलं. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक आधी नोंदणी करून, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देऊन, स्वयंचलित दारातून जाऊ शकतात. वर्षातून एकदा तरी परदेशी जाणाऱ्याने ते करून ठेवावं. पण सामानाची आणि सुरक्षा तपासणीची रांग त्याने टळत नाही.

देशांतर्गत विमानांची लाट याच्या अगदी उलट वेळेला येते. तिचं कारण समजायला धावपट्टीकडे बघावं लागतं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. इतक्या मोठ्या शहराची सगळी वाहतूक या एका पट्टीवर चालते. गर्दीच्या तासांत तिच्यावर ताशी ४६ चढउतार व्हायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हवाई वाहतूक मंत्रालयाने ते ४४ वर आणि एरवीचे ४४ चे ४२ वर आणायला सांगितलं, कारण विमानं शहरावर ४० मिनिटं ते तासभर घिरट्या घालत बसत होती. धावपट्टीच्या दृष्टीने गर्दीचे तास त्या वेळी असे धरले होते: सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री ९.१५ ते ११.१५.

हे वाचून कुणी म्हणेल की मग पहाटे सहाचं विमान सगळ्यांत मोकळं. इथेच फसगत होते. हे आकडे चढणारी आणि उतरणारी अशा दोन्ही विमानांचे मिळून असतात. सकाळी दहाला ताशी ४४ हालचाली असतील तर त्यातली साधारण निम्मी विमानं उतरत असतात. उतरणाऱ्यांचे प्रवासी तुमच्या रांगेत नसतात, ते खालच्या मजल्यावर बॅगेची वाट बघत असतात. पहाटेचं तसं नाही. रात्री मुक्कामाला आलेली विमानं एसटी डेपोतल्या गाड्यांसारखी ओळीने उभी असतात, आणि साडेचार-पाचपासून एकामागून एक बाहेर पडतात. त्या वेळी देशातल्या दुसऱ्या शहरांतून फारसं कुणी आलेलं नसतं, कारण तिकडचीही विमानं तेव्हाच निघत असतात. म्हणजे धावपट्टी थोडी मोकळी असली तरी तिच्यावरची देशांतर्गत विमानं जवळपास सगळी उडणारीच असतात. सकाळी सहाला तपासणीच्या रांगेत दहापेक्षा जास्त गर्दी दिसते ती यामुळे. त्यात सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे नोकरदार. ते एक लॅपटॉपची पिशवी घेऊन येतात, सामानाच्या काउंटरकडे बघतही नाहीत, आणि थेट सुरक्षा तपासणीत भर घालतात.

आता रांगेकडे वळू. रांग कशी वाढते याबद्दल आपली समजूत सहसा चुकीची असते. आपल्याला वाटतं, माणसं दुप्पट आली की थांबणं दुप्पट. तसं होत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. समजा सुरक्षा तपासणीच्या दहा मार्गिका आहेत आणि प्रत्येकीतून तासाला दीडशे माणसं सुटतात. म्हणजे तासाला १५०० जण पुढे जाऊ शकतात. पहाटे ४ ते ५ मध्ये १००० माणसं आली, तर रांग अशी नाहीच. ५ ते ७ मध्ये तासाला १९०० येऊ लागली. दर तासाला ४०० शिल्लक राहणार. सहा वाजता ४०० जण खोळंबलेले, म्हणजे त्या क्षणी शेवटी उभं राहणाऱ्याला १६ मिनिटं. सात वाजता ८०० जण, म्हणजे ३२ मिनिटं. सातनंतर ओघ कमी होऊन तासाला १५०० वर आला, तरी साठलेले ८०० तसेच राहतात. त्यामुळे आठ वाजता येणाऱ्यालाही ३२ मिनिटंच. पुढच्या तासात १००० आले तर नऊला ३०० उरतात, तेव्हा कुठे १२ मिनिटांवर येतं.

यातून एक गोष्ट दिसते. पाच ते सात ही ऐन गर्दीची वेळ, पण पाचला शिरलेला माणूस सरळ आत जातो आणि पावणेआठला आलेला, "गर्दी ओसरली असेल" म्हणत आलेला, अर्धा तास उभा राहतो. लाट जिथे सुरू होते तिथे रांग नसते. लाट ओसरू लागते तिथे ती सर्वांत लांब असते. पावसाळ्यात सखल रस्त्यावर पाणी तुंबतं तसंच हे. पाऊस थांबल्यावरही गुडघाभर पाणी तासभर राहतं. म्हणून सकाळच्या गर्दीतलंच विमान घ्यायचं असेल तर लाटेच्या तोंडचं घ्यावं, शेपटाकडचं नको.

दुसरी गोष्ट मार्गिकांची. वरच्या उदाहरणात दहाऐवजी बारा मार्गिका चालू असत्या, तर सात वाजता ३२ ऐवजी जेमतेम ७ मिनिटं थांबावं लागलं असतं. दोन बंद पडून आठच राहिल्या, तर ७० मिनिटं! माणसं तेवढीच, दोन यंत्रांचा फरक. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३ वर जे झालं ते असंच. कोविडनंतर प्रवासी एकदम परतले, सकाळच्या काही तासांत उड्डाणं एकवटली, आणि तपासणीची यंत्रं कमी पडली. रांगा इतक्या वाढल्या की देशांतर्गत प्रवाशांना साडेतीन तास आधी या म्हणून सांगितलं गेलं. मंत्री स्वतः टर्मिनलवर जाऊन आले. मग जे उपाय झाले त्यांत दोन मुख्य होते: सकाळच्या गर्दीच्या तासांतली काही उड्डाणं दुसरीकडे हलवणं, आणि क्ष-किरण यंत्रं वाढवणं. ओघ थोडा कमी, निचरा थोडा जास्त. त्याच महिन्यात 'डिजीयात्रा'ही सुरू झाली. ती प्रवेशदारावरची ओळखपत्राची रांग वाचवते, तपासणीची नाही. सगळं डिजिटल केलं तरी बॅगेला त्या पट्ट्यावरून जावंच लागतं, आणि एखाद्याच्या बॅगेत पॉवर बँक राहिलीच की ती पुन्हा फिरते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ठाण्याचं एक जोडपं, सोबत आजी, दोन मोठ्या बॅगा, बेंगळुरूला लग्नाला निघालेलं. दिवस सोमवार. समोर चार विमानं आहेत: पहाटे ५.३०, सकाळी ७.४०, दुपारी १.१५ आणि रात्री ९.४५.

सगळ्यांना ७.४० चं आवडतं, कारण ते माणसात वाटतं. उलटा हिशेब करू. सामानाचा काउंटर देशांतर्गत विमानासाठी साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ६.४० ला. विमानात चढण्याचं दार २५ मिनिटं आधी, म्हणजे ७.१५ ला. हे लोक ५.५० ला पोहोचले, तर सामान टाकायला २५ मिनिटं धरा, सव्वासहाला तपासणीत. वरच्या उदाहरणाप्रमाणे तिथे वीसेक मिनिटं रांग, पावणेसातपर्यंत आजींसकट पलीकडे. जमतं, पण हाताशी अर्धा तासच उरतो. त्यात बायकांची तपासणी पडद्याआडच्या कक्षात होते, आणि कक्ष थोडे असतील तर घरातला पुरुष बेल्ट बांधून, बूट घालून वाट बघत उभा राहतो. सोमवार असल्यामुळे शनिवार-रविवार घरी आलेले सगळे परतीला निघालेले असतात, तेव्हा वीस मिनिटांची चाळीसही होऊ शकतात.

५.३० चं विमान ऐकायला क्रूर आहे. पण काउंटर साडेचारला बंद होतो, म्हणजे पावणेचारला तिथे असायला हवं आणि ठाण्याहून तीनला निघायला हवं. त्या वेळी द्रुतगती मार्ग मोकळा असतो, पोहोचायची वेळ मिनिटावर सांगता येते. सव्वाचारला हे तपासणीत शिरतील, लाट यायला अजून पाऊण तास आहे. किंमत एकच, आख्ख्या घराची झोप. आणि तिकडे साडेसातला उतरल्यावर खोली दुपारी मिळणार असेल, तर वाचवलेल्या रांगेचा वेळ हॉटेलच्या लॉबीत जातो.

दुपारच्या १.१५ साठी साडेअकराला पोहोचायचं. सकाळची लाट नऊ-दहापर्यंत निवळलेली असते, संध्याकाळची अजून आलेली नसते. सामानाला दहा मिनिटं, तपासणीला दहा मिनिटं. आजींसाठी चाकाची खुर्ची मागितली असेल तर ढकलणारा माणूसही लवकर मिळतो. सकाळच्या लाटेत तोही दुर्मीळ असतो. दिवस मोडतो हे खरं, पण लग्न दुसऱ्या दिवशी असेल तर मी डोळे मिटून हे घेईन.

रात्रीचं ९.४५ फसवं आहे. टर्मिनलमध्ये ते तितकं वाईट नाही, पण आठच्या आत पोहोचायचं म्हणजे ठाण्याहून सहाला निघायचं. म्हणजे लोकांच्या घरी जायच्या वेळेला. मोकळ्या रस्त्याने तासाभरात होणाऱ्या प्रवासाला दीड लागेल की अडीच, हे कुणी सांगू शकत नाही. रांगेची अनिश्चितता वीस मिनिटांची, रस्त्याची तासाभराची. मुंबईत वेळ निवडताना रस्त्याची गर्दी आधी बघावी, टर्मिनलची नंतर. भुयारी मेट्रो ३ आता दोन्ही टर्मिनलपाशी थांबते. तिच्या मार्गावर राहणाऱ्यांचा हा प्रश्न बराचसा सुटला आहे, पण ती रात्री बंद असते. त्यामुळे पहाटेच्या किंवा मध्यरात्रीच्या विमानाला तिचा उपयोग नाही.

रात्रीच्या देशांतर्गत विमानांत आणखी एक मेख असते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी पाटण्याला वीस मिनिटं उशीर झाला, दुपारी मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या, संध्याकाळी चेन्नईला पाऊस आला, हे सगळं साठत साठत रात्रीच्या शेवटच्या फेरीत तुमच्या माथी येतं. पहाटेच्या विमानाला मागचं देणं नसतं, ते रात्रभर तिथेच उभं असतं. मी स्वतः रात्री ११.२० चं विमान पकडायला गेलो होतो. रांगेत माणूस नाही, तपासणी सहा मिनिटांत झाली, म्हणून फार खूश होतो. मग फलकावर बारा दहा झालं, एक पाच झालं, दोन वीस झालं. खानपानाची दुकानं एकेक करून बंद झाली. गर्दी नसण्याचा तो एक अर्थ मला तेव्हा कळला. त्या वेळी एक नियम ठाऊक असता तर बरं झालं असतं. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने प्रवाशाची राहण्याची सोय करायची असते. दिवसाच्या विमानाला हीच सोय चोवीस तासांपेक्षा जास्त उशिरावर मिळते. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नये, नियमाचं नाव घेऊन विचारावं.

पहाटेच्या विमानाची बाजू मी इतकी घेतली, तिला एक मोठा अपवाद आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे जायचं असेल तर पहाटेचं घेऊ नये. दिल्ली, लखनौ, अमृतसरचं धुकं सूर्योदयाच्या आगेमागे सर्वांत दाट असतं. तुम्ही मुंबईत पाचला लाटेच्या तोंडाशी आत शिराल, आणि तिकडे उतरता येत नाही म्हणून विमान दहापर्यंत इथेच उभं राहील. त्या दोन महिन्यांत दुपारी बारानंतर उतरणारं विमान घ्यावं.

मुंबईचा हा हिशेब दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं तळ आहे, आणि दिवसाची धावपट्टी नागरी विमानांना त्यांच्यासोबत वाटून घ्यावी लागते. म्हणून पुण्याहून रात्री आणि पहाटे सुटणारी विमानं शहराच्या मानाने बरीच जास्त आहेत. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्यावर आत उभं राहायला जागा झाली, धावपट्टीच्या वेळा मात्र त्याने वाढल्या नाहीत. गोव्यात दाबोळीचा तळ नौदलाचा. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, त्यामुळे नागरी विमानं दुपारकडे सरकतात आणि गर्दीही. जानेवारी २०२३ पासून चालू झालेल्या मोपाला ती अडचण नाही. गोव्याच्या परतीच्या तिकिटात दुपारी अडीच आणि दाबोळी असं दिसलं, तर मी मोपाची वेळ एकदा बघून घेतो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला तो फक्त दिवसाच्या वेळापत्रकाने. तिथल्या लाटा कशा उठतील ते रात्रीची विमानं वाढल्यावर ठरेल.

मग आपलं विमान लाटेत कुठे आहे हे तिकीट काढण्यापूर्वी कसं ओळखावं? विमानतळाच्या संकेतस्थळावर दिवसभराच्या निर्गमनांची यादी असते. आपल्याला जायचं त्याच वाराची यादी उघडावी, आपलं टर्मिनल निवडावं, आणि आपल्या विमानाच्या दोन तास आधीपासून तासभर नंतरपर्यंतची उड्डाणं अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजावीत. मोठ्या विमानाला दोन धरावं. आधीचे आकडे लहान आणि नंतरचे मोठे असतील तर आपण लाटेच्या पुढे आहोत. आधीचे मोठे आणि नंतरचे लहान असतील तर शेपटात आहोत, आणि अर्धा तास जास्त हाताशी ठेवायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे. टर्मिनल मात्र प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा बघावं. मुंबईत कंपन्यांची जागा १ वरून २ वर आणि उलट बदलत असते, आणि सांताक्रूझच्या दाराशी उतरून सहारला जायचं म्हणजे पुन्हा रस्त्यावरच्या गर्दीत शिरणं.

आणि मध्यरात्रीनंतरचं तिकीट असेल तर तारीख. आपल्या मनातला दिवस पंचांगासारखा सूर्योदयाला बदलतो, विमान कंपनीचा रात्री बाराला. १५ तारखेचं ००.४० चं विमान असेल तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचं असतं. माझ्या एका मावसभावाने अमेरिकेला निघण्याआधी सगळ्यांना १५ तारखेला रात्री जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळ्या झाल्या, नारळ हातात दिला, आजीने दहीसाखर ठेवली. साडेनऊला गाडीत बॅगा टाकताना मुलीने सहज मोबाइलवर विमानाची स्थिती बघितली. ते त्या दिवशी दुपारीच नेवार्कला उतरलं होतं.